एकाच पेपरात दादाही बरोबर आणि डॉक्टरही

वाचकाचं पत्र: बाबा ६३ वर्षांचे, बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे, हार्टचा त्रास कधीच झाला नाही. आधीच्या डॉक्टरांनी रोज एक ॲस्पिरिन लावून दिली होती. आता नवीन डॉक्टर म्हणतात फायदा आणि तोटा जवळपास सारखाच आहे, बंद करूया. दादा फार्मा कंपनीत आहे, त्याने असेंड नावाच्या स्टडीचा पेपर पाठवला आणि म्हणाला, पी ०.०१ आहे म्हणजे गोळी काम करते याची ९९ टक्के खात्री, डॉक्टरांना कळत नाही. वर फिश ऑइल कॅप्सूलचा डबापण पाठवलाय. मी बी.ए. मराठी, स्टॅटिस्टिक्स कधी शिकले नाही. बाबा म्हणतात तू वाच आणि सांग. कोणाचं खरं मानू?
– एक वाचक, सांगली

---

सगळ्यात आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही, असले पेपर आणि त्यातले आकडे वाचणं हे माझं रोजचं काम आहे, तेव्हा बाबांची गोळी चालू ठेवायची की बंद करायची हे मी ठरवणार नाही आणि तुम्हीही घरच्या घरी परस्पर ठरवू नका. पण पेपर काय म्हणतो ते नक्की सांगते, कारण मला वाटतं तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीय, की दोघांपैकी एकच बरोबर असणार. दादांनी टेबलाची एक ओळ वाचलीय आणि डॉक्टर दोन ओळी वाचून बोलतायत, एवढाच फरक आहे.

असेंड ही ब्रिटनमध्ये झालेली मोठी ट्रायल, २०१८ मध्ये छापून आली. डायबेटिस असलेले पण हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे काही न झालेले १५,४८० लोक घेतले, म्हणजे साधारण तुमच्या बाबांसारखेच. कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून त्यातल्या अर्ध्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली, कोणाला काय मिळतंय ते ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. सरासरी ७.४ वर्षं मागोवा घेतला आणि हार्ट अटॅक, स्ट्रोक, थोड्या वेळात बरा होणारा छोटा स्ट्रोक किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, यातलं काहीतरी किती जणांना झालं ते मोजलं. ॲस्पिरिनवाल्यांत ६५८ जणांना झालं, औषध नसलेल्या नुसत्या गोळीवाल्यांत ७४३ जणांना. दादांनी बोट ठेवलेली ओळ ही:

`rate ratio, 0.88; 95% CI, 0.79 to 0.97; P=0.01`

ही ओळ आपण शेवटाकडून वाचू, कारण भांडण त्या पी वरूनच आहे.

क्षणभर समजा की ॲस्पिरिनचा काडीचाही उपयोग नाही, ती गोळी म्हणजे नुसता खडू. मग काय होईल? दोन्ही गटांत मिळून ६५८ आणि ७४३ म्हणजे १,४०१ लोकांना त्रास झाला. गोळी खडूच असेल तर या १,४०१ लोकांना तो तसाही होणारच होता, कुठल्याही गटात असते तरी. फक्त चिठ्ठ्या टाकताना ते या गटात गेले की त्या गटात एवढाच प्रश्न, म्हणजे १,४०१ वेळा नाणं उडवल्यासारखं. आता नाणं १,४०१ वेळा उडवलं तर बरोब्बर ७००-७०० छापा-काटा पडत नाहीत हे आपल्याला माहितीये, थोडा फरक पडतोच, कधी २० चा, कधी ४० चा. इथे फरक पडलाय ८५ चा. मग प्रश्न असा विचारायचा की नुसत्या नशिबाने, गोळीचा काही संबंध नसताना, ८५ किंवा त्याहून मोठा फरक किती वेळा पडेल? उत्तर येतं शंभरात साधारण दोन वेळा. पेपरात कोणाला त्रास कधी झाला तेही धरून नीट गणित केलंय आणि तिथे ०.०१ म्हणजे शंभरात एकदा असं आलंय. पी व्हॅल्यू म्हणजे एवढंच.

हे तुम्ही स्वतः फोनच्या कॅल्क्युलेटरवर ताडून बघू शकता. दोन्ही गटांतल्या केसेसची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. १,४०१ चं वर्गमूळ ३७ च्या आसपास, दुप्पट केली की ७५. नुसत्या नाणेफेकीत फरक सहसा ७५ च्या आत राहतो, शंभरातल्या ९५ वेळा तरी. आपला फरक ८५, म्हणजे थोडा बाहेर. हा जुगाड दोन्ही गट सारख्या आकाराचे असतील आणि त्रास झालेले लोक एकूण लोकांच्या मानाने थोडे असतील तेव्हाच चालतो हं, सरसकट सगळीकडे लावू नका, पण असल्या ट्रायल्समध्ये बरेचदा चालतो.

आता दादांची ९९ टक्के खात्री. इथे गाडी घसरली, आणि त्यांची एकट्याची नाही, भलेभले शिकलेले लोक हीच चूक करतात. आपण हिशोबाला बसलो तेव्हा सुरुवातच "समजा गोळी खडू आहे" इथून केली ना? म्हणजे ०.०१ हा आकडा सांगतो की गोळी खडू असेल तर असा निकाल किती विरळा. गोळी खडू असण्याची शक्यता किती, हा वेगळाच प्रश्न झाला आणि त्याचं उत्तर या आकड्यात नाही. ते उत्तर द्यायला आधीपासून काय माहिती आहे तेही लागतं. ॲस्पिरिनने रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना कमी चिकटतात, हे आधीच माहीत होतं आणि आधीच्या ट्रायल्सही होत्या, म्हणून इथे ०.०१ वर विश्वास ठेवायला मला अडचण वाटत नाही. हाच ०.०१ जर तांब्याच्या कड्याने शुगर उतरते अशा स्टडीत आला असता तर मी म्हटलं असतं, परत करून दाखवा.

याचा एक फार मजेदार दाखला आहे. १९८८ मध्ये आयसिस-२ नावाची ट्रायल छापून आली, त्यात हार्ट अटॅक आल्याचा संशय असलेले १७,१८७ पेशंट होते आणि ॲस्पिरिनचा फायदा अगदी ठळक निघाला. मग स्त्रियांना किती फायदा, अमुक वयाच्यांना किती, असे तुकडे पाडून बघायची मागणी झाली, तेव्हा संशोधकांनी मुद्दाम जन्मराशीप्रमाणेही तुकडे पाडले, आणि काय आलं तर मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनने फायदा तर नाहीच, उलट किंचित तोटा! त्यांनी ते तसंच छापलं. पाश्चात्त्य पद्धतीच्या राशी होत्या, आपल्या चंद्रराशी नाहीत, पण त्याने काही बिघडत नाही. मुद्दा असा की डेटाचे बारा तुकडे पाडले की एखाद-दुसऱ्या तुकड्यात काहीतरी विचित्र दिसणारच. म्हणून उद्या दादा म्हणाले की आतल्या टेबलात बाबांच्या वयाच्या, बाबांच्या वजनाच्या लोकांना जास्त फायदा दिसतोय, तर आधी विचारायचं की एकूण तुकडे किती पाडलेत.

बरं, पी ने एवढं सांगितलं की हा फरक निव्वळ नशिबाचा वाटत नाही. पण फरक केवढा आहे? यावर पी काहीच बोलत नाही. स्टडी खूप मोठी असेल तर इवल्याशा फरकालाही झकास पी मिळतो आणि स्टडी छोटी असेल तर चांगला मोठा फरकही ०.०५ च्या वरच अडकतो. त्यामुळे मी पेपर हातात आला की पी कडे सगळ्यात शेवटी बघते. खरा माल त्याच्या डावीकडे असतो.

०.८८ चा अर्थ, नुसत्या गोळीवाल्यांत जिथे १०० जणांना त्रास झाला तिथे ॲस्पिरिनवाल्यांत ८८ जणांना, म्हणजे १२ टक्क्यांनी कमी. ऐकायला दणदणीत वाटतं. पण १२ टक्के कशाचे? ते लोकांत आणून बघूया, १,००० जण धरा. नुसत्या गोळीवर ७.४ वर्षांत ९६ जणांना त्रास झाला, ॲस्पिरिनवर ८५ जणांना. म्हणजे हजार लोकांनी सात वर्षांच्या वर रोज गोळी घेतली तर ११ जण वाचले. बाकीच्या ९८९ जणांच्या बाबतीत जे व्हायचं तेच झालं, गोळी घेऊनही. बारा टक्के आणि हजारात अकरा, दोन्ही एकाच निकालाचे आकडे आहेत आणि दोन्ही खरेच आहेत, पण घरात निर्णय घ्यायला दुसराच कामाला येतो.

आणि आता मधला तुकडा, ०.७९ ते ०.९७. हा कॉन्फिडन्स इंटरव्हल. ०.८८ हा या १५,४८० लोकांत आलेला आकडा. चिठ्ठ्या जरा वेगळ्या पडल्या असत्या तर ०.८५ आला असता, ०.९२ आला असता. गोळीचा जो काही खरा परिणाम आहे तो कोणालाच दिसत नाही, आपल्याला फक्त या एका खेपेचा निकाल दिसतो. मग असं म्हणता येतं की खरा परिणाम ०.७९ असला तरी आपल्याला दिसलेला निकाल पटण्यासारखा आहे, ०.९७ असला तरी पटण्यासारखा आहे, त्याच्या बाहेरचा असेल तर मात्र जुळायला अवघड जातं. मधले आकडे निकालाशी जास्त चांगले जुळतात, टोकाचे जेमतेम.

मग ९५ टक्के कुठून आले? तर ही पट्टी काढायची जी रीत आहे ती शंभर वेगवेगळ्या स्टडीजमध्ये वापरली तर साधारण ९५ वेळा खरा आकडा पट्टीच्या आत असतो आणि ५ वेळा बाहेर राहतो. आपल्या हातातली पट्टी त्या ९५ मधली की ५ मधली हे तिच्याकडे बघून कळत नाही. आणखी एक, या पट्टीत फक्त चिठ्ठ्यांच्या नशिबाचा हिशोब असतो. ब्रिटनमधल्या लोकांचा निकाल सांगलीतल्या माणसाला कितपत लागू, लोकांनी गोळ्या नेमाने घेतल्या का, ही अनिश्चितता पट्टीत धरलेली नसते, ती वरून आपली आपण धरायची.

पट्टीचा खरा उपयोग दोन्ही टोकं लोकांत आणून बघण्यात आहे. हजारात ९६ चे ०.७९ पट केले की ७६ होतात, म्हणजे २० जण वाचले. ०.९७ पट केले की ९३, म्हणजे फक्त ३. (हा पाटीवरचा हिशोब आहे, पेपरातलं नेमकं गणित किंचित वेगळं, पण आपल्या कामापुरतं पुरेसं.) म्हणजे दादांच्या त्या ओळीचं मराठी असं: हजार लोकांत साधारण ११ वाचतील, पण ३ च वाचत असतील किंवा २० सुद्धा वाचत असतील, या निकालाला दोन्ही चालतं. पट्टीत १ हा आकडा नाही हेही बघून ठेवा, १ म्हणजे दोन्ही गट सारखेच, काही फरक नाही. ९५ टक्केवाल्या पट्टीच्या बाहेर १ राहिला की पी ०.०५ च्या खाली असणारच, ती एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, म्हणून पट्टी बघितली की पी वेगळा बघायची गरजच फारशी उरत नाही.

इथवर दादा बरोबर आहेत. गोळी काम करते असंच दिसतंय.

आता डॉक्टरांनी वाचलेली दुसरी ओळ, तोच पेपर, तेच लोक. ॲस्पिरिनने गुठळी होणं कमी होतं तसं रक्त वाहायला लागलं की थांबणंही अवघड होतं. मोठा रक्तस्राव, म्हणजे मेंदूत, डोळ्यात नजर जाईल असा, पोटात आतड्यात, किंवा इतर कुठेही गंभीर असा, तो ॲस्पिरिनवाल्यांत ३१४ जणांना झाला आणि नुसत्या गोळीवाल्यांत २४५ जणांना. रेट रेशो १.२९, पट्टी १.०९ ते १.५२, पी ०.००३. बघा, पी वरच जायचं असेल तर तोट्याचा पी फायद्यापेक्षा भारी निघाला! दादांच्या हिशोबाने मग ९९.७ टक्के खात्रीने गोळी वाईट आहे असं म्हणावं लागेल.

हेही हजारात करू. नुसत्या गोळीवर ३२ जणांना मोठा रक्तस्राव, ॲस्पिरिनवर ४१ जणांना, ९ जास्त. पट्टीची टोकं घेतली तर ३ जास्तीपासून १७ जास्तीपर्यंत. फायदा हजारात ११, पण ३ ते २० कितीही. तोटा हजारात ९, पण ३ ते १७ कितीही. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की डॉक्टर "जवळपास सारखाच" का म्हणाले ते कळतं, आणि ट्रायल करणाऱ्यांनी स्वतःही पेपरात हेच लिहिलंय की फायदा रक्तस्रावाच्या धोक्याने बऱ्याच अंशी फिटतो.

म्हणून "पी कमी आहे म्हणजे गोळी घ्यायची" असं होत नाही. अकरा विरुद्ध नऊ ही नुसती वजाबाकीही नाही, कारण एक छोटा स्ट्रोक आणि पोटातला एक रक्तस्राव एका तागडीत कसे तोलायचे हे कुठलंच गणित सांगत नाही. फायद्याच्या अकरांत हार्ट अटॅकही आहेत आणि काही तासांत बरे झालेले छोटे स्ट्रोकही. तोट्याच्या नऊंतले जास्त करून पोटातले आणि मेंदूबाहेरचे रक्तस्राव आहेत, त्यातून बरेच लोक बरे होतात, पण ॲडमिट व्हावं लागतं. यात कशाची भीती जास्त हे बाबांना विचारायला हवं, दादांना नाही.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा "ॲस्पिरिन चांगली की वाईट" असं विचारू नका, त्याला उत्तर नाही. बाबा त्या हजारांतल्या सरासरी माणसापेक्षा कुठल्या बाजूला झुकतात ते विचारा. कधी अल्सर झालाय का, काळी शी झालीय का, गुडघ्यासाठी पेनकिलर रोज घेतात का, किडनी कशी आहे, ही यादी तोट्याचं पारडं जड करते. सिगरेट, वाढलेलं कोलेस्टेरॉल हे फायद्याचं पारडं जड करतं, अर्थात त्या प्रत्येकावर ॲस्पिरिनपेक्षा थेट इलाज आहे तो आधी. आणि हे वाचणाऱ्या इतरांना कळकळीने सांगते, ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय किंवा गुठळीचा स्ट्रोक झालाय त्यांच्यासाठी ही ट्रायल नाहीच. मघाच्या आयसिस-२ मध्ये ऐन अटॅकच्या पेशंटमध्ये पाच आठवड्यांत हार्ट आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ वर आले होते, म्हणजे पाच आठवड्यांत हजारी २४ जीव. गोळी तीच, पण धोका मुळातच मोठा असला की फायदाही मोठा. अशा कोणी माझं हे उत्तर वाचून गोळी बंद केली तर अनर्थ होईल, करू नका.

राहिला फिश ऑइलचा डबा. गंमत म्हणजे त्याचंही उत्तर याच ट्रायलमध्ये आहे. त्याच १५,४८० लोकांना चिठ्ठ्या टाकून दुसऱ्यांदा वाटलं होतं, अर्ध्यांना फिश ऑइलची कॅप्सूल आणि अर्ध्यांना ऑलिव्ह ऑइलची. म्हणजे तेच १,४०१ त्रास झालेले लोक, फक्त ढीग वेगळे. फिश ऑइलवाल्यांत ६८९, ऑलिव्ह ऑइलवाल्यांत ७१२. फरक २३, आपली मर्यादा ७५ ची, म्हणजे नाणेफेकीत असा फरक सर्रास पडतो. फिश ऑइलच्या वेगळ्या पेपरात पी ०.५५ आहे, अर्ध्याहून जास्त वेळा नुसत्या नशिबाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसेल.

पण इथे उलटी चूक करू नका. पी मोठा आला म्हणजे "काहीच उपयोग नाही हे सिद्ध झालं" असं नव्हे. पट्टी बघा, ०.८७ ते १.०८. हजारात आणलं तर १२ जण वाचण्यापासून ७ जणांना जास्त त्रास होण्यापर्यंत काहीही असू शकतं. निदान एवढं कळलं की फायदा असलाच तर तो हजारात बाराच्या फार पुढे असणं अवघड. पट्टी याहून रुंद असती, म्हणजे ०.५ ते १.८ वगैरे, तर मी म्हटलं असतं स्टडी छोटी होती, काही कळलंच नाही. इथे १५,००० लोकांनंतर पट्टी बऱ्यापैकी अरुंद आहे आणि १ च्या दोन्ही बाजूंना पसरलीय.

तेव्हा डब्याबद्दल माझं मत विचाराल तर हार्टसाठी म्हणून दर महिन्याला त्यावर पैसे घालवण्यासारखं या आकड्यांत मला काही दिसत नाही, तरी डॉक्टरांना डबा दाखवून विचारा, कारण ट्रायग्लिसराइड फार वाढलं असेल तर त्यासाठी वेगळ्या डोसमध्ये ते देतात आणि तो विषय वेगळा. दादांना फोन कराल तेव्हा फक्त एवढं म्हणा, पेपर वाचला, आता रक्तस्रावाची ओळ तूपण वाच, ॲस्पिरिनच्या त्याच पेपरात आहे.